पंचम, सप्तम, शुक्र आणि राहू: प्रेमविवाह की ठरवून विवाह, हे पत्रिकेत कसे तपासायचे

नव्याने पत्रिका बघायला शिकणाऱ्याला दोन वाक्ये फार लवकर पाठ होतात. "शुक्र-राहू युती म्हणजे प्रेमविवाह" हे एक आणि "पंचम बलवान म्हणजे प्रेमविवाह" हे दुसरे. सुरुवातीची दोन वर्षे मीही याच दोन वाक्यांवर पत्रिका सांगत होतो आणि निम्म्या वेळा चुकत होतो. चूक कुठे होते आहे ते कळायला वेळ लागला. ही दोन्ही लक्षणे प्रेमाबद्दल काही सांगतात, त्या प्रेमाचा विवाह होईल की नाही याबद्दल मात्र ती जवळजवळ काहीच सांगत नाहीत. ते सांगतो पंचमेश आणि सप्तमेश यांचा, म्हणजे प्रेमाच्या पाचव्या आणि विवाहाच्या सातव्या स्थानाच्या स्वामींचा, आपसातला संबंध. म्हणून खालची सगळी रीत त्या एका संबंधाभोवती आहे. शुक्र आणि राहू त्याच्या नंतर येतात.

एक शब्दाचा गोंधळ आधीच मिटवू. पत्रिकेत "लग्न" म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास. या लेखात त्या शब्दाचा तेवढाच अर्थ आहे. दुसऱ्या अर्थासाठी मी "विवाह" हाच शब्द वापरतो.

पहिली पायरी: स्थाने आणि त्यांचे स्वामी कागदावर लिहा

आपल्याकडच्या पत्रिकेत वरचे मधले घर हे प्रथमस्थान. तिथून डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने मोजत जायचे. घरांत लिहिलेले आकडे राशींचे असतात, स्थानांचे नव्हेत. पाचाचा आकडा दिसला की तेच पंचमस्थान समजणे ही नवशिक्यांची सर्वात नेहमीची चूक आहे. पाच म्हणजे सिंह रास. ती पंचमात फक्त मेष लग्नाला येते.

पंचम आणि सप्तम स्थानांत कोणती रास आहे ते पाहा आणि तिचा स्वामी लिहा. मिथुन लग्न असेल तर पंचमात तूळ येते, म्हणून पंचमेश शुक्र. सप्तमात धनु येते, म्हणून सप्तमेश गुरू. त्यांच्या शेजारी द्वितीयेश आणि नवमेशही लिहून ठेवा. द्वितीय हे कुटुंबाचे स्थान आणि नवम हे वडीलधारे, धर्म, परंपरा यांचे. ठरवून होणाऱ्या विवाहाच्या खुणा बहुधा या दोन स्थानांकडून येतात. नवशिके पंचम-सप्तमातच अडकून राहतात आणि ही दोन स्थाने बघायची विसरतात.

जन्मवेळ पक्की आहे का, हेही इथेच विचारून घ्या. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते. जन्म लग्नराशीच्या अगदी सुरुवातीला किंवा शेवटी असेल आणि वेळ "सातच्या सुमारास" अशी मोघम सांगितली असेल, तर पंचमेश-सप्तमेशच बदलू शकतात. मग पुढचे सगळे व्यर्थ.

दुसरी पायरी: पंचमेश आणि सप्तमेश एकमेकांना भेटतात का?

संबंध चार प्रकारे होतो. दोघे एका राशीत असतात, ती युती. दोघे एकमेकांच्या राशीत असतात, तो अन्योन्य योग. दोघांची एकमेकांवर दृष्टी असते. किंवा एक दुसऱ्याच्या स्थानात बसलेला असतो, जसे पंचमेश सप्तमात किंवा सप्तमेश पंचमात. दृष्टी मोजताना लक्षात ठेवा की प्रत्येक ग्रह आपल्यापासून सातव्या स्थानाकडे पाहतो. त्याशिवाय मंगळ चौथ्या व आठव्या, गुरू पाचव्या व नवव्या आणि शनी तिसऱ्या व दहाव्या स्थानाकडे पाहतो. मोजताना ग्रह बसला आहे ते स्थान एक धरायचे.

यातला कोणताही एक संबंध सापडला तर प्रेमाचे रूपांतर विवाहात होण्याची वाट पत्रिकेत आहे असे म्हणता येते. एकही सापडला नाही, तर पंचम कितीही फुललेले असो, प्रेम आणि विवाह हे दोन वेगळे धागे राहतात.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती फारशी कुणी शिकवत नाही. काही लग्नांना हा संबंध सहज होतो आणि म्हणून त्याचे वजन कमी धरावे लागते. मेष लग्नाला पंचमेश रवी आणि सप्तमेश शुक्र. आकाशात शुक्र रवीपासून ४७ अंशांपलीकडे जातच नाही, त्यामुळे दोघे एका राशीत येणे ही नेहमीची गोष्ट आहे. कुंभ लग्नाला पंचमेश बुध आणि सप्तमेश रवी. बुध तर रवीपासून २८ अंशांच्या आतच फिरतो. निव्वळ या युतीवर प्रेमविवाह सांगायचा म्हटले तर कुंभ लग्नाच्या निम्म्या लोकांचा प्रेमविवाह सांगावा लागेल. या दोन लग्नांना युती कोणत्या स्थानात होते आहे ते पाहा. ती पंचमात, सप्तमात किंवा लाभात म्हणजे अकराव्या स्थानात असेल तर मोजा. षष्ठात, अष्टमात किंवा व्ययात म्हणजे बाराव्या स्थानात असेल तर घाई करू नका.

सिंह आणि कन्या लग्नांची अडचण उलट आहे. तिथे पंचमेश-सप्तमेश म्हणजे गुरू आणि शनी, दोघेही मंदगती. त्यांची युती सुमारे २० वर्षांनी होते आणि झाली की महिनोन् महिने टिकते. त्या काळात त्या लग्नावर जन्मलेल्या सगळ्यांच्या पत्रिकेत ती असते. म्हणून तिथेही युतीला इतर ग्रहांचा पाठिंबा शोधावा लागतो. उलट वृश्चिक लग्नाला गुरू आणि शुक्र यांचा किंवा तूळ लग्नाला शनी आणि मंगळ यांचा अन्योन्य योग सापडला, तर मी त्याला बरेच वजन देतो, कारण असे योग सहजासहजी जुळत नाहीत.

तिसरी पायरी: शुक्र

शुक्र आवड सांगतो, ओढ सांगतो, माणूस प्रेमात मन किती मोकळे करतो ते सांगतो. वृषभ आणि तूळ या त्याच्या स्वतःच्या राशी, मीनेत तो उच्चीचा, कन्येत नीचेचा. रवीपासून सुमारे १० अंशांच्या आत आला की तो अस्तंगत होतो आणि ओढ असूनही ती बोलून दाखवणे जड जाते असे फळ सांगतात.

पण बलवान शुक्र ठरवून झालेल्या विवाहातही तेवढेच सुख देतो. म्हणून शुक्र बलवान आहे का, यापेक्षा तो पंचमेशाशी किंवा सप्तमेशाशी जोडलेला आहे का, हा प्रश्न विचारा. पंचमेश-सप्तमेशांच्या संबंधात शुक्रही सामील असेल तर निष्कर्ष पक्का होतो. तो एकटाच कुठेतरी छान बसला असेल तर त्याच्यावरून विवाहाचा प्रकार ठरवू नका.

चौथी पायरी: राहू

राहूबद्दल सर्वात जास्त गैरसमज आहेत. राहू प्रेम देत नाही, तो चाकोरी मोडतो. सप्तमाशी किंवा सप्तमेशाशी राहूचा संबंध आला की जोडीदार वेगळ्या जातीचा, धर्माचा, भाषेचा, दूरच्या प्रांताचा किंवा परदेशातला असू शकतो. असा जोडीदार स्वतः शोधलेला असेल किंवा घरच्यांनी कुणाच्या तरी ओळखीतून शोधलेला असेल. राहू दोन्ही ठिकाणी आपले काम करतो. सप्तमात राहू असूनही आईवडिलांनीच परदेशातले स्थळ पाहून विवाह ठरवला, असे होते आणि त्यात पत्रिकेचे काहीच चुकलेले नसते.

शुक्र-राहू युतीकडे याच नजरेने पाहा. राहू एका राशीत सुमारे १८ महिने असतो. शुक्र वर्षभरात सगळ्या राशी फिरतो, म्हणून वर्षातून साधारण एकदा तो राहूच्या राशीत येतो आणि सहसा तीन-चार आठवडे तिथे राहतो. त्या आठवड्यांत जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या पत्रिकेत शुक्र-राहू युती असते. ती सगळी मुले मोठी होऊन प्रेमविवाह करणार नाहीत हे उघड आहे. त्यांच्यात फरक पडतो तो युती कोणत्या स्थानात पडली आणि ती कोणाला जोडते यावरून. अंशांतले अंतरही बघा. चार-पाच अंशांच्या आतली युती घट्ट, पंधरा-वीस अंशांची सैल.

राहूच्या पाचव्या आणि नवव्या दृष्टीबद्दल जाणकारांत एकमत नाही. शिकताना ती सोडून द्या. राहू ज्या राशीत आहे तिच्या स्वामीसारखे फळ देतो, हा नियम जास्त कामाला येतो.

एक पत्रिका, सगळ्या पायऱ्यांनी

उदाहरणासाठी २० ऑक्टोबर १९९५ चे आकाश घेऊ. रवी, शुक्र आणि राहू तिघे तुळेत होते. रवी आणि राहू तर एकमेकांच्या अगदी जवळ, आणि चारच दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, भारतातून दिसलेले खग्रास सूर्यग्रहण झाले. शुक्र राहूपासून साधारण १६ अंशांवर होता आणि रवीपासून पुरेसा दूर, म्हणजे अस्तंगत नव्हता. गुरू आणि मंगळ वृश्चिकेत, शनी कुंभेत, बुध कन्येत, केतू मेषेत, चंद्र सिंहेत.

त्या रात्री दहाच्या सुमारास जन्मलेल्या मुलीचे लग्न मिथुन धरू. पंचमात तूळ. म्हणजे पंचमेश शुक्र स्वगृही, पंचमातच, सोबत राहू आणि रवी. पाठ केलेली दोन्ही वाक्ये इथे एकदम लागू पडतात. शुक्र-राहू युती आहे आणि पंचम तर भरून वाहते आहे. नवशिका इथेच थांबतो आणि प्रेमविवाह लिहून मोकळा होतो.

आता दुसरी पायरी नीट करू. सप्तमात धनु, सप्तमेश गुरू, आणि तो वृश्चिकेत म्हणजे षष्ठात. शुक्र पंचमात, गुरू षष्ठात. युती नाही. एकमेकांच्या राशीत नाहीत. शुक्र आपल्यापासून सातव्या, म्हणजे लाभस्थानाकडे पाहतो, गुरूकडे नाही. गुरू षष्ठातून दशम, व्यय आणि द्वितीय या स्थानांकडे पाहतो, पंचमाकडे नाही. पंचमेश सप्तमात नाही आणि सप्तमेश पंचमात नाही. चारही दारे बंद.

मग गुरू कोणाशी जोडलेला आहे? त्याची नववी दृष्टी कर्क राशीवर, म्हणजे कुटुंबस्थानावर आहे. नवमेश शनी नवमातच स्वगृही बसून दहाव्या दृष्टीने गुरूकडे पाहतो आहे. सप्तमेशावर नवमेशाची नजर आणि सप्तमेशाची नजर कुटुंबावर, यापेक्षा स्पष्टपणे "घरच्यांच्या पुढाकाराने" असे पत्रिका सांगू शकत नाही. सप्तमेश षष्ठात मंगळाबरोबर असल्याने स्थळे येऊन मोडणे, बोलणी लांबणे, मतभेद ही कुरबूर आहेच. पण मार्ग ठरवून होणाऱ्या विवाहाचाच.

दशा, म्हणजे आयुष्यातले एकेका ग्रहाचे कालखंड, याला दुजोरा देतात. चंद्र पूर्वा फाल्गुनी नक्षत्रात, म्हणून जन्मतः शुक्राची महादशा. तिचा उरलेला भाग संपल्यावर रवीची ६ वर्षे, आणि मग विशीच्या सुरुवातीला चंद्राची १० वर्षांची महादशा. मिथुन लग्नाला चंद्र द्वितीयेश, म्हणजे पुन्हा कुटुंबच. या महादशेत आधी १८ महिन्यांची राहूची अंतर्दशा येते आणि तिच्या पाठोपाठ १६ महिन्यांची गुरूची. राहू पंचमात शुक्राजवळ असल्याने पहिल्या काळात मन गुंतण्याची शक्यता मोठी. गुरू सप्तमेश असल्याने दुसऱ्या काळात विवाहाची. या दोन काळांतला माणूस एकच असेल असे सांगणारा धागा मात्र या पत्रिकेत दिसत नाही. म्हणून मी इथे "प्रेम खरे, विवाह ठरवून" असे लिहीन.

आता त्याच दिवशी चार तास मागे जाऊ. सूर्यास्तानंतर लगेच जन्मलेल्या मुलाचे लग्न मेष, कारण रवी तुळेत मावळत असताना पूर्वेला समोरची रास, मेष उगवत असते. ग्रह जवळजवळ तेच, फक्त घरे बदलली. सप्तमात तूळ. सप्तमेश शुक्र स्वगृही सप्तमातच, त्याच्याबरोबर पंचमेश रवी आणि राहू. मेष लग्नाला रवी-शुक्र युतीचे वजन कमी धरायचे असे मी वर म्हटले, पण इथे ती प्रत्यक्ष सप्तमात झाली आहे. सप्तमेश स्वतःच्या घरात आहे आणि पंचमेशाला राहू अगदी चिकटलेला आहे. त्यामुळे इथे ती पूर्ण मोजायची. हा स्वतः जोडीदार निवडणारा माणूस, आणि निवड घरच्या चाकोरीतली नसण्याची शक्यता बरीच.

तरी नवम बघायचे राहिले आहे. नवमेश गुरू अष्टमात, म्हणजे वडीलधाऱ्यांचा होकार सरळ मिळत नाही. लाभस्थानातला स्वगृही शनी सातव्या दृष्टीने पंचमाकडे पाहतो, म्हणजे प्रेम टिकते पण त्याला वेळ लागतो. मी इथे "प्रेमविवाह, पण घरच्यांचे मन वळवण्यात काही वर्षे जाणार" असे लिहीन. शुक्र-राहू युती दोघांच्याही पत्रिकेत आहे, तेवढीच सैल. निकाल मात्र वेगळा आला, कारण तिच्याबरोबर पंचमेश-सप्तमेश एका पत्रिकेत भेटले आणि दुसऱ्या पत्रिकेत भेटले नाहीत.

कुठे हात आखडता घ्यायचा

काही पत्रिकांत दोन्ही बाजूंचे धागे सारखेच असतात. पंचमेश-सप्तमेशांचा संबंध आहे आणि सप्तमेशावर नवमेशाची दृष्टीही आहे. अशा वेळी एका बाजूला ओढून निकाल देऊ नका. पुष्कळ विवाह आता असेच होतात. ओळख घरच्यांनी करून दिली, पुढे दोघांनी वर्षभर बोलून एकमेकांना पसंत केले. किंवा दोघांनी आपापले ठरवले आणि घरच्यांनी रीतसर बोलणी करून कार्य पार पाडले. पत्रिका त्याला प्रेमविवाह म्हणेल की ठरवलेला, हा प्रश्नच तिथे उरत नाही. "दोन्ही बाजूंची संमती" एवढेच म्हणावे.

पंचम किंवा सप्तम स्थान रिकामे दिसले म्हणून घाबरू नका. रिकाम्या स्थानाचे फळ त्याचा स्वामी देतो. आपण वर पाहिलेल्या मिथुन लग्नाच्या पत्रिकेत सप्तम रिकामेच होते, आणि सगळी माहिती गुरूकडून मिळाली.

आणि एक गोष्ट मी कधीच करत नाही. मुलाची किंवा मुलीची पत्रिका आईवडील घेऊन आले असतील, तर "हिचे कुठेतरी जमलेले आहे" असे मी त्यांना सांगत नाही. पंचमातला राहू कुणाच्या मनात कोण आहे याचा पुरावा नाही. पत्रिका कल दाखवते, घडलेली गोष्ट दाखवत नाही, आणि अशा एका वाक्यावरून घरात मुलीचा फोन तपासला जातो, कॉलेज बंद होते. विवाहाचा प्रकार विचारला असेल तर तो जिची पत्रिका आहे तिच्याशी बोला. आईवडिलांना विवाहाचा काळ सांगा, जोडीदाराचा स्वभाव सांगा, आणि बाकीचे तिने सांगावे म्हणून सोडून द्या.